शाळकरी मुलांच्या मोफत डोळे तपासणी आठवड्याचं पोस्टर: एकेक ओळ कशी लिहावी

चष्म्याच्या दुकानातून मी पहिल्यांदा असा आठवडा ठेवला, तेव्हा पोस्टरची पहिली ओळ होती ‘भव्य मोफत नेत्र तपासणी शिबिर’. खाली बारीक अक्षरात ‘शाळकरी मुलांसाठी’. पहिल्याच दिवशी सकाळी येळ्ळूर, कडोलीकडच्या आज्या एस.टी.ने येऊन दारात बसल्या. कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, कुणाला वाटलेलं की इथेच ऑपरेशन होणार. शाळेतलं मूल संध्याकाळपर्यंत एकही आलं नाही. त्या आज्यांना परत पाठवताना फार वाईट वाटलं, कारण चूक माझ्या शब्दाची होती. आपल्या भागात ‘नेत्र शिबिर’ म्हटलं की मोतीबिंदूचं शिबिर, हे लोकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

तेव्हापासून दर वर्षी पोस्टर मी स्वतः लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती पद्धत इथे क्रमाने मांडतो.

आधी तपासणी ठरवा, मग शब्द

डी.टी.पी.वाल्याकडे जाण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहा. आपण मुलाच्या डोळ्याचं नेमकं काय बघणार, आणि दिवसाला किती मुलं नीट बघू शकणार.

आमच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी तपासतात. तक्ता ६ मीटरवर असावा लागतो. दुकान लहान असेल तर ३ मीटरवर आरसा लावून तेवढंच अंतर मिळतं. जवळचं वाचन बघतात, डोळा तिरळा आहे का ते एकेक डोळा झाकून बघतात, बॅटरीच्या उजेडात बुबुळ बघतात, आणि रेटिनोस्कोपने नंबराचा अंदाज घेतात. एवढ्याला एका मुलामागे १५ मिनिटं लागतात. मूल लाजरं असेल तर जास्तच.

मशीनवर नंबर काढून २ मिनिटांत मोकळं होता येतं, असं काहींना वाटतं. मुलांच्या बाबतीत तिथेच फसगत होते. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचिक असतं. मशीनमध्ये डोकावताना ते जवळचं बघितल्यासारखा जोर लावतं आणि मशीन खऱ्यापेक्षा जास्त मायनस नंबर दाखवतं. कधीकधी प्लस नंबरचं मूलसुद्धा मायनसमध्ये निघतं. हा जोर सैल करायला डोळ्यात थेंब घालून तपासावं लागतं, आणि ते डोळ्याच्या डॉक्टरांचं काम. थेंबांनंतर काही तास ते एक दिवस मुलाला जवळचं धूसर दिसतं, औषध जोरदार असेल तर जास्त दिवस. म्हणून आपल्या पोस्टरवर ‘संपूर्ण नेत्र तपासणी’ असं लिहिता येत नाही. आपण करतो ती प्राथमिक तपासणी, आणि तो शब्द ठळकपणे आला पाहिजे.

आता मुलांचा हिशेब. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८ म्हणजे रोज १२ मुलं, पाच दिवसांत ६०. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून ४ ते ८ ठेवलं तर १६. रविवारी १० ते १ आणि ४ ते ७ मिळून २४. एकूण १००. यातल्या ८० वेळाच द्यायच्या. बाकीच्या २० रडलेल्या, दमलेल्या, पुन्हा बोलवाव्या लागणाऱ्या मुलांसाठी मोकळ्या सोडायच्या. पोस्टर किती आणि कुठे लावायची ते या ८० वरून ठरतं. ३०० मुलांना बोलावून १०० बघितली तर उरलेल्या २०० घरांत आपलं नाव खराब होतं.

पहिली ओळ: आईने घरी बघितलेली गोष्ट

‘आपल्या मुलांच्या डोळ्यांची काळजी घ्या’ ही ओळ कुठल्याही पालकाला थांबवत नाही, कारण ती काळजी आपण घेतोच आहोत असं प्रत्येकाला वाटतं. थांबवते ती ओळ, जी वाचून आईला कालची गोष्ट आठवते.

मी दुकानात येणाऱ्या आयांना एकच प्रश्न विचारत असे, ‘मुलाला कमी दिसतंय असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?’ उत्तरं वहीत लिहून ठेवली. टी.व्ही.पुढे जाऊन बसतो, डोळे बारीक करून बघतो, ही उत्तरं होतीच. पण त्यांकडे बघून आया म्हणतात, सगळीच पोरं तसं करतात. लगेच उठून येण्यासारखं उत्तर वेगळंच निघालं. मुलाची वही उघडली, तर फळ्यावरून उतरवलेली गणितं चुकीची. विचारल्यावर तो म्हणाला, शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो. बाई ओरडतात, घरी आई ओरडते, आणि मुलाला फळाच दिसत नसतो. आमची पहिली ओळ त्यातून आली:

‘फळ्यावरचं सोडून तुमचं मूल शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं का?’

ही ओळ मायनस नंबरची मुलं आणते, म्हणजे ज्यांना लांबचं धूसर दिसतं ती. पण तिच्यातून एक मूल सुटतं आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. एका डोळ्याला चांगलं दिसतं आणि दुसऱ्याला फार कमी, असं मूल फळा वाचतं, अभ्यासात पुढे असतं, कधी तक्रार करत नाही. जन्मापासून तसंच दिसत असल्याने दोन्ही डोळ्यांनी कसं दिसायला हवं हे त्याला माहीतच नसतं. कमजोर डोळ्याकडून आलेलं चित्र मेंदू हळूहळू सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून बरीच नजर परत मिळते. जितका उशीर, तितकं कमी. मोठेपणी नुसता चष्मा देऊन ती नजर येत नाही.

अशा मुलासाठी दुसरी ओळ लागते, आणि ती घरी करून बघण्याची असावी:

‘आज घरी बघा. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दहा फुटांवरून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका.’

‘तळहाताने’ हा शब्द गाळू नका. बोटांनी झाकलं की मूल फटीतून बघतं. डोळा दाबला की हात काढल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं आणि तपासणी बिघडते. मूल दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पाठ झालेले आकडे म्हणू नये म्हणून महिन्याचं पान बदलायला सांगावं.

वडगावातल्या एका आईने हे पोस्टर पिठाच्या गिरणीत वाचलं. त्यांची मुलगी तिसरीत, वर्गात पहिली येणारी. उजवा डोळा उघडा असताना आकडे धडाधड वाचले. तोच झाकल्यावर मुलगी आईचा हात बाजूला करायला लागली. आमच्याकडे तपासलं तेव्हा उजवा डोळा ६/६ आणि डावा ६/३६. म्हणजे सामान्य नजरेला जे ३६ मीटरवरून दिसतं, ते डाव्या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागत होतं. आम्ही चष्मा करून दिला नाही. चिठ्ठी देऊन डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे थेंब घालून तपासणी झाली आणि पट्टी सुरू झाली.

घरच्या तपासणीनंतर ‘फरक वाटला नाही तर डोळे चांगले आहेत’ असं मात्र चुकूनही लिहू नका. प्लस नंबरचं मूल जोर लावून कॅलेंडर सहज वाचतं. त्याचं दुखणं अभ्यासाला बसल्यावर डोकं दुखण्यातून, पुस्तक टाळण्यातून दिसतं. आम्ही लिहितो, ‘फरक वाटला तर नक्की या, न वाटला तरी वर्षातून एकदा तपासून घ्या.’

भीतीचे शब्दही नकोत. ‘अंधत्व’, ‘उशीर झाला तर पस्तावाल’ असलं वाचून आई घाबरते आणि घाबरलेली आई पुढे ढकलते. शिवाय आपल्याकडे मुलीला चष्मा लागला की घरात वेगळीच चिंता सुरू होते. म्हणून चित्रात चष्मा लावलेली, हसरी, गणवेशातली मुलगी ठेवा आणि मजकुरात ‘मुलामुलींची’ असं स्पष्ट लिहा. आमच्याकडे मुलींची संख्या त्यानंतर वाढली. ‘चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही’ ही एक ओळही खाली द्यावी. ते खरं आहे, आणि तो गैरसमज घरोघरी आहे. ‘चष्मा घालवून देतो’ अशा अर्थाचं काहीही लिहू नये. मुलाचा नंबर वयाप्रमाणे बदलतो, तो दुकानातून कुणी घालवू शकत नाही.

‘मोफत’ म्हणजे नेमकं काय

पालकाच्या मनात पहिली शंका असते की तपासणी फुकट आणि चष्मा गळ्यात. ती शंका पोस्टरवरच मिटवली तर लोक येतात. जाहिरातींबद्दलच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांचंही तेच म्हणणं आहे. ज्यासाठी ग्राहकाला पैसे द्यावे लागतात त्याला मोफत म्हणायचं नाही, आणि अट असेल तर ती दाव्याच्याच भाषेत आणि अक्षरात सांगायची. म्हणजे वर मराठीत मोठं ‘मोफत’ आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अटी, हे चालत नाही.

आम्ही दोन ओळी शेजारी शेजारी देतो. एकीत काय मोफत, दुसरीत कशाला पैसे. आणि तिसरी ओळ, जी लिहायला अनेक दुकानदार कचरतात: ‘चष्मा घेण्याची सक्ती नाही. नंबराचा कागद तुमच्या हातात देऊ.’ काही पालक तो कागद घेऊन दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. शाळकरी मुलांना तपासणीनंतर मोफत चष्मे देण्याची सोय सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. ज्यांना परवडत नाही त्यांना शाळेत किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा असं आम्ही समोर बसवून सांगतो.

‘मोफत’ हाच शब्द ठेवा. ‘विनामूल्य’ सरकारी कागदासारखा वाटतो, ‘फुकट’ म्हटलं की तपासणीही तशीच असणार असं वाटतं.

मुलांना पेन्सिल, खेळणी, चॉकलेटचं आमिष पोस्टरवर लिहू नका. पोस्टर पालकांसाठी आहे. मुलाने हट्ट करून आणलेला पालक घाईत असतो आणि अर्धवट ऐकतो.

दोन भाषा

आपल्या भागातलं पोस्टर दोन भाषांत लागतं. आई मराठी वाचते, शेजारीण कन्नड, मूल इंग्रजी माध्यमात. दुकानाच्या नावाच्या फलकावर ६० टक्के कन्नड आणि ती वरच्या अर्ध्या भागात, हा कर्नाटकातल्या कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीचा नियम आहे. पोस्टर लावतानाही आम्ही कन्नडचं वर आणि मराठीचं खाली ठेवतो. एकाच कागदावर दोन्ही मजकूर दाटीवाटीने बसवण्यापेक्षा मराठी आणि कन्नड अशी दोन वेगळी पोस्टर लावलेली जास्त वाचली जातात.

पण एकावरून दुसऱ्याचं शब्दशः भाषांतर करून घेऊ नका. कन्नडमध्ये मोफतला ‘उचित’ म्हणतात, ‘उचित कण्णिन तपासणे’. घाईत कुणीतरी तेच मराठीत उतरवतं आणि छापून येतं ‘उचित डोळे तपासणी’. मराठी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘योग्य’ असा लागतो आणि मोफत हा सगळ्यात मोठा मुद्दाच गायब होतो. उलटही होतं. मराठीतलं ‘अभ्यासात मागे’ तसंच कन्नडमध्ये नेलं तर ‘अभ्यास’ म्हणजे तिकडे सवय किंवा सराव. कन्नड मजकूर कन्नड शाळेतल्या शिक्षकांना तोंडी सांगून त्यांच्याकडून लिहून घ्या.

तक्त्याबद्दल एक ओळ हवी. मराठी, कन्नड, इंग्रजी कुठल्याही माध्यमाचं मूल चालतं, वाचता न येणाऱ्यालाही दिशा दाखवायचा तक्ता आहे. पहिलीतल्या मुलाची आई त्यामुळेच येते, नाहीतर ‘त्याला अजून ए बी सी डी येत नाही’ म्हणून थांबते.

पूर्ण पोस्टर

आठवडा जूनच्या मध्यावर ठेवतो. शाळा मेच्या शेवटी उघडलेल्या असतात, वह्या सुरू झालेल्या असतात, बाकांवरच्या जागा ठरलेल्या असतात. गणपतीचे दिवस, दसऱ्याची सुट्टी आणि परीक्षेचा काळ टाळायचा. मराठी पोस्टर असं:

> फळ्यावरचं सोडून तुमचं मूल शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं का?
>
> आज घरी बघा: एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दहा फुटांवरून कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगा. पान बदला, मग दुसरा डोळा झाका. फरक वाटला तर नक्की या, न वाटला तरी वर्षातून एकदा तपासून घ्या.
>
> पहिली ते सातवीच्या मुलामुलींची प्राथमिक डोळे तपासणी मोफत
> सोमवार १५ ते रविवार २१ जून
> सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८, शनिवारी ४ ते ८, रविवारी १० ते १ आणि ४ ते ७
>
> मोफत: दोन्ही डोळ्यांची नजर, नंबर, तिरळेपणा बघणे.
> पैसे पडतील: चष्मा घेतला तरच.
> चष्मा घेण्याची सक्ती नाही. नंबराचा कागद तुमच्या हातात देऊ.
> थेंब घालून तपासणी लागली तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊ.
>
> चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही.
> कोणत्याही माध्यमाचं मूल चालेल, वाचता न येणारंही.
> घरचं मोठं माणूस सोबत हवं. जुना चष्मा असेल तर आणा. मुलाला काहीतरी खायला घालून आणा.
> फोन करून वेळ घ्या. एकूण ८० वेळा आहेत.
>
> दुकानाचं नाव, गल्ली, मारुती मंदिरासमोर. फोन नंबर.

‘खायला घालून आणा’ ही ओळ पाहून पहिल्यांदा आमचा छापखानेवाला बुचकळ्यात पडला होता. शाळेतून थेट आणलेलं भुकेलं मूल तक्त्यासमोर काहीही सांगतं आणि आपण चुकीचा नंबर काढतो. ही ओळ टाकल्यावर पुन्हा बोलवाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली. पत्ता मंदिर, गिरणी, हौद अशा खुणेने द्या. शाहापूर-वडगावच्या गल्ल्यांत घरनंबरवरून कुणी दुकान शोधत नाही.

छपाई आणि जागा

आकार ए-३ पुरे, म्हणजे साधारण ३० बाय ४२ सेंटीमीटर. पहिली ओळ इतकी मोठी हवी की दहा पावलांवरून वाचता यावी. छापण्याआधी एक प्रत समोरच्या भिंतीवर लावून चाळिशीच्या पुढच्या बाईंना जवळून, चष्म्याशिवाय वाचायला सांगा. आज्याच बऱ्याचदा नातवंडांना घेऊन येतात, आणि जवळचं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. पिवळ्यावर पांढरं, लालवर निळं असे रंग टाळा. पांढऱ्यावर काळं सगळ्यात चांगलं.

प्लॅस्टिक फ्लेक्सवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. कागद घ्या. जूनमध्ये खानापूरकडे पावसाची झड लागते, म्हणून कागद आतल्या जागीच टिकतो. विजेचे खांब, सार्वजनिक भिंती तर सोडूनच द्या. परवानगीशिवाय तिथे चिकटवणं १९८१ च्या विद्रूपीकरण विरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतं. पिठाची गिरणी, दूध डेअरी, शिलाईचं दुकान, शिकवणीचा वर्ग, मंदिराचा सूचना फलक, या जागांवर आया थांबतात आणि वाचायला वेळ असतो. शाळेत लावायचं असेल तर मुख्याध्यापकांना लेखी विनंती द्या, त्यात तपासणी कोण करणार त्यांचं नाव आणि पात्रता लिहा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात पोस्टरचा फोटो टाकताना वरची अर्धीच बाजू वेगळी कापून पाठवा. पूर्ण पोस्टर मोबाईलवर वाचता येत नाही.

काम झालं की नाही, हे कसं ओळखायचं

फोन घेणाऱ्याने प्रत्येक पालकाला ‘कुठे वाचलंत?’ विचारून वहीत एक खूण करायची. जागा आणि ओळ दोन्ही पुढच्या वर्षी त्यावरून ठरतात. फोन काय विचारायला येतात तेही ऐका. ‘चष्मा कितीला पडेल?’ हेच प्रश्न येत असतील तर लोकांनी पोस्टर सवलतीची जाहिरात म्हणून वाचलं, ‘पैसे पडतील’ ची ओळ वर घ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी फोन येत असतील तर कुठेतरी ‘शिबिर’ शब्द शिरला आहे, बहुतेक कुणी पुढे पाठवताना स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असतं. आधीच चष्मा असलेलीच मुलं येत असतील तर पहिली ओळ नव्या घरात पोचली नाही. आणि ‘कॅलेंडर वाचायला लावलं, एका डोळ्याने वाचलं नाही’ असा एक जरी फोन आला, तर त्या मुलाला दुसऱ्याच दिवसाची वेळ द्या, ८० भरल्या असल्या तरी.

आठवडा संपला की सोमवारी सकाळी सगळी पोस्टर उतरवायची. जुनी तारीख वाचून चार महिन्यांनी कुणी आई मुलाला घेऊन येते, आणि तिला पैसे सांगणं अवघड जातं. गिरणीवाल्याकडे त्या जागी एक लहान चिठ्ठी तेवढी ठेवतो: एक डोळा झाकून कॅलेंडर वाचायची रीत, आणि खाली जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागाची वेळ.